सिंकखालची वाटी

दिवाळी उरकली आणि पहाटेचा गारवा वाढला की सिंक तुंबल्याच्या तक्रारी सुरू होतात. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. आठवडाभर गॅसवरून कढई उतरलेली नसते. चकली, शेव, करंज्या होतात. मग तळणीचं उरलेलं तेल, तुपकट परात, बेसनाचे हात, पाकाचं पातेलं हे सगळं त्या एकाच भोकातून खाली जातं. यातला पाक बिचारा निरपराध आहे, साखर पाण्यात विरघळून निघून जाते. बाकीचं जातं तेव्हा पातळ असतं, पण पाइपात शिरल्यावर पातळ राहत नाही.

सिंकवर जाळी बसवली की काळजी मिटली, असं आपण धरून चालतो. जाळी भाताची शितं अडवते, कोथिंबिरीच्या काड्या अडवते, कांद्याचं साल अडवते. ती उपयोगाची आहेच. पण पाइप बुजवणारा खरा माल जाळीच्या डोळ्यांदेखत निसटतो, कारण त्या क्षणी तो द्रव असतो: वितळलेलं तूप, तेल, साय, पिठाचं पाणी, भांड्याच्या साबणाची राड.

साजूक तूप साधारण तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळतं, खोबरेल चोवीस-पंचवीसला. वनस्पती तूप त्याहूनही वरच्या तापमानाला. हिवाळ्याच्या पहाटे भिंतीतल्या पाइपाचं तापमान पंधरा अंशांच्या आसपास असेल, तर यातलं काहीच पातळ राहणार नाही. मग शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाचं काय? ते तर आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही. खरं आहे, पण ते पाइपाच्या भिंतीला चिकटतं, त्यावर पीठ आणि चहाचा चोथा बसतो, आणि तळणीत एकदा तापून गेलेलं तेल हळूहळू चिकट, डिंकट होत जातं. शिवाय दुसरी एक भानगड होते, तिच्याकडे पुढे येऊ.

आधी सिंकखाली डोकावू. जाळीखाली जो धातूचा किंवा प्लॅस्टिकचा गळा असतो त्याला प्लंबर कपलिंग म्हणतात. त्याच्या खाली वेस्ट पाइप. बऱ्याच घरांत हा पाइप पांढरा, वळ्यावळ्यांचा, हवा तसा वाकणारा असतो. काही घरांत त्याच्यामध्ये बाटलीच्या आकाराची एक वस्तू बसवलेली असते, तोच बॉटल ट्रॅप. आणि काही घरांत ट्रॅप असा नसतोच. पाइप थेट ड्राय बाल्कनीतल्या किंवा ओट्याखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो आणि ट्रॅपचं काम तीच नहाणी करते.

बॉटल ट्रॅपची रचना सोपी आहे. पेल्यात नळी बुडवून उभी ठेवावी तशी वरून येणारी नळी खालच्या वाटीत बुडालेली असते. पाणी नळीतून खाली येतं, वाटीतून वर चढतं आणि बाजूच्या तोंडाने बाहेर पडतं. पाणी बंद झालं तरी वाटीत साधारण दोन-तीन इंच पाणी साचून राहतं, आणि ते राहावं हाच हेतू आहे. त्या पाण्यामुळे गटाराची हवा, घाण वास आणि झुरळं वर येऊ शकत नाहीत. वळणात पाणी अडवून वास रोखायची ही युक्ती असलेल्या शौचकूपाचं पेटंट लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये घेतलं. आजही घरोघरी तेच तत्त्व चालतं. महिनाभर गावी जाऊन आल्यावर घरात गटाराचा वास येतो, तेव्हा बहुधा काही बिघडलेलं नसतं. ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं एवढंच. तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो.

जिथे पाणी थांबतं तिथे गाळही थांबतो. वाटीच्या तळाशी काय सापडतं? चहाचा चोथा, काथ्याचे धागे, स्टीलच्या घासणीचे तुकडे, मोहरी, खोबऱ्याचा कीस, कधी एखादी कुड्याची फिरकी. आणि एक करडा, बारीक, मातीसारखा थर. हा थर भांडी घासायच्या वडीचा असतो. त्या वडीत साबणाइतकीच, कधी त्याहून जास्त, दगडाची बारीक भुकटी असते. घासायला तीच लागते, पण ती पाण्यात विरघळत नाही. वडी पाण्यात लोळत राहिली तर तिचा बराचसा भाग भांड्यांना न लागताच ट्रॅपमध्ये जाऊन बसतो. वडीखाली भोकाची साबणदाणी ठेवली तर वडीही टिकते आणि वाटीही कमी भरते.

आता पाणी हळू जातंय म्हणजे नेमकं कुठे अडलंय, हे काहीही न उघडता बऱ्यापैकी कळतं. सिंकचं भोक बुचाने किंवा जाड प्लॅस्टिक आणि ओल्या फडक्याने बंद करायचं, सिंक अर्धं भरायचं आणि एकदम मोकळं सोडायचं. पाणी पहिल्या क्षणापासून रेंगाळत असेल, तर अडथळा जवळ आहे: जाळी, कपलिंग किंवा ट्रॅप. सुरुवातीला भराभर गेलं आणि मग थबकलं, तर अडथळा पुढे, भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपात आहे. मधला मोकळा पाइप भरेपर्यंत पाणी धावतं, तो भरला की अडतं. सिंक सोडल्यावर नहाणीच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर सिंकचा ट्रॅप निर्दोष. गडबड नहाणीत किंवा तिच्याही पुढे आहे. आणि तुमचा नळ बंद असताना वरच्या मजल्यावर कुणी भांडी घासली की तुमच्याकडे पाणी वर येत असेल, तर ते काम तुमचं नाही, सोसायटीचं आहे. उभा पाइप किंवा खालचं चेंबर तुंबलेलं असतं. अशा वेळी घरातला ट्रॅप कितीही घासला तरी उपयोग नाही.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी भाऊबीजेनंतर सिंक तुंबलं. घरातल्या वहिनींनी आधी उकळतं पाणी ओतलं, मग खायचा सोडा आणि व्हिनेगर. फेस चांगला आला, आणि पाणी होतं तिथेच राहिलं. त्यात नवल नाही. सोडा आम्लधर्मी व्हिनेगरला भेटला की दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळजवळ निरुपद्रवी खारट पाणी. बुडबुड्यांनी थोडी हालचाल होते, पण चिकटलेला तेलकट थर त्याने सुटत नाही. उकळत्या पाण्याचं तर उलटंच. आपल्याकडचे सांडपाण्याचे पाइप आणि ट्रॅप बहुतेक पीव्हीसीचे, आणि पीव्हीसी साठ अंशांच्या वर मऊ पडायला लागतं. पातेलंभर उकळतं पाणी वारंवार ओतलं तर सांधे ढिले होतात, वळ्यांचा पाइप खाली झोळतो, आणि मग त्या झोळात गाळ साठतो. ताजा तुपकट थर असेल तर हाताला सोसेल एवढं गरम पाणी आणि भांड्याचा द्रव साबण पुरतो.

शेवटी ट्रॅप उघडायचं ठरलं. हे काम घरचं माणूस करू शकतं. सिंकखालचं सगळं आधी बाहेर काढायचं. सिलिंडर तिथे असेल तर तोही. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा, म्हणजे जोडताना कुठलं काय हा प्रश्न पडत नाही. ट्रॅपखाली पसरट टब किंवा घमेलं ठेवायचं. बादली बहुधा मावत नाही. सिंकमध्ये साचलेलं पाणी आधी मगाने काढून घ्यायचं, नाहीतर वाटी सुटताच ते सगळं बाहीत शिरतं. हातात रबरी मोजे.

वाटी हाताने फिरवायची. आपण खालून वर पाहत असलो तर घड्याळाच्या उलट दिशेने ती सुटते. घट्ट बसली असेल तर सुकं फडकं गुंडाळून पकड घ्यायची. प्लॅस्टिकच्या वाटीला पाना लावायचा मोह टाळावा, कारण तिला तडा जातो आणि मग सगळा ट्रॅपच बदलावा लागतो. वाटी सुटली की आतलं रबरी वायसर कुठे पडतं ते पाहायचं. ते गाळाला चिकटून कचऱ्यात जातं आणि संध्याकाळी ट्रॅप ठिबकायला लागतो, असं पुष्कळ घरांत होतं. गाळ वर्तमानपत्रावर काढायचा आणि कचऱ्यात टाकायचा, संडासात नाही. जुन्या टूथब्रशने वाटी आतून, तिचे आटे आणि वरून लोंबणारी नळी, तीही आतून घासायची. नळी लोक विसरतात, आणि बऱ्याचदा खरा अडथळा तिच्या तोंडाशीच असतो. बाजूच्या आडव्या तोंडातही बोट घालून पाहायचं. घासलेली वाटी धुवायला न्हाणीघरात जायचं. वरच्या सिंकमध्ये ती धुवायला सरसावणारे लोक कमी नाहीत, आणि खाली त्या वेळी ट्रॅप नसतो.

जोडताना वायसर पुसून, सपाट बसवून, वाटी हातानेच आवळायची. वायसर कडक झालं असेल, चिरलं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जुनं दाखवून नवं घ्यावं, ते काही रुपयांत मिळतं. मग सिंक अर्धं भरून सोडायचं आणि ट्रॅपखाली सुका कागद धरायचा. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, कागदावर मात्र लगेच ओला डाग पडतो. सगळं ठीक असेल तर एक काम आणखी करून ठेवावं: दहा लिटरची बादली सिंकमध्ये रिकामी करून पाणी किती सेकंदांत जातं ते मोजायचं आणि ओट्याच्या दाराच्या आत पेन्सिलीने लिहायचं. स्वच्छ पाइपातून ते अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर निघून जातं. पुढे कधी शंका आली तर तुलनेला तो आकडा हाताशी असतो.

ज्यांच्याकडे बॉटल ट्रॅप नसून वळ्यांचा पाइप नहाणीत गेलेला आहे, त्यांनी पाइप कपलिंगपासून सोडवून बाहेर नेऊन धुवावा, किंवा सरळ बदलावा. त्याच्या वळ्यांत चिकटलेलं पूर्ण निघत नाही आणि नवा पाइप फार महाग नसतो. नवा घेताना लागेल तेवढाच लांब ठेवायचा. उरलेली लांबी वेटोळं करून सिंकखाली कोंबली की तिथेच पाणी अडतं. मग नहाणीची जाळी उचलून आत पाहायचं. काही नहाण्यांत उलटी बसवलेली एक सुटी वाटी असते, ती पिळून किंवा ओढून निघते. ती घासून पुन्हा होती तशीच बसवायची. पाणी लवकर जावं म्हणून काही लोक ती काढूनच टाकतात. पाणी लवकर जातंच, आणि त्याच वाटेने झुरळं येतात.

वहिनींच्या घरी वाटीतून पुष्कळ गाळ निघाला, पाणी खळाळून गेलं, सगळे खूश झाले. दोन दिवसांनी पाणी पुन्हा थबकलं. आता मात्र ते आधी धावत होतं आणि मग अडत होतं. याचा अर्थ ट्रॅप साफ, अडथळा पुढे. त्यांचा पाइप ट्रॅपमधून भिंतीत शिरून ड्राय बाल्कनीच्या नहाणीपर्यंत आडवा जातो. आडव्या पाइपात पाण्याचा वेग कमी, आणि बाल्कनीकडची बाजू रात्रभर गार. प्लंबरने ट्रॅप काढून त्या तोंडातून स्प्रिंग घातली. ही लांब, लवचिक, गुंडाळलेली तार असते. ती पुढे ढकलत मुठीने फिरवत न्यायची, अडली की जोर न लावता फिरवायची आणि मग ओढून घ्यायची. तारेला लागून जे बाहेर आलं ते तूप नव्हतं आणि गाळही नव्हता. पांढरट पिवळे, मेणचट, बोटाने दाबले तर चुरा होणारे तुकडे होते ते.

मघाशी म्हटलेली भानगड हीच. तेला-तुपातली स्निग्ध आम्लं पाण्यातल्या कॅल्शियमला भेटली की त्यांचा एक वेगळाच साबण तयार होतो. हा साबण फेस देत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि गरम पाण्याने वितळतही नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांत कॅल्शियमची कमतरता नसते. बादलीच्या कडेला साबणाचा जो पांढरा, खरखरीत थर बसतो त्याचाच हा भाऊबंद. ज्या शहरांत तेलकट सांडपाणी वर्षानुवर्षं गटारात जातं, तिथे याचे डोंगर होतात. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागाच्या गटारात २०१७ मध्ये असा एक गोळा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब होता आणि त्याचं वजन १३० टन होतं. कामगारांना तो कित्येक आठवडे फोडत बसावं लागलं.

म्हणूनच «गरम पाण्याबरोबर तेल ओतलं तर चालतं» हा सल्ला फसवा आहे. गरम पाणी तेल-तूप वाहून नेतं, पण संपवत नाही. चार हात पुढे, जिथे आपला हात आणि ब्रश पोचत नाही, तिथे पाणी गार होतं आणि माल तिथे बसतो. ट्रॅपमध्ये अडकलेलं निदान घरच्या घरी काढता येतं.

मग उरलेल्या तेलाचं करायचं काय? तळणीचं तेल गार होऊ द्यावं, गाळून झाकणाच्या बाटलीत भरावं. ते पुन्हा पुन्हा तापवून संपवणं हा उपाय नव्हे. टाकायचं असेल तर मोठ्या तळणीवाल्यांकडून वापरलेलं तेल जैवइंधनासाठी गोळा करण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली आहे. काही शहरांत ते गोळा करणारे सोसायट्यांतूनही तेल घेतात, चौकशी करून पाहावी. तशी सोय नसेल तर थोडं तेल वर्तमानपत्रात किंवा भुशात शोषून कचऱ्यात द्यावं. कढई, तुपाची कळशी, मोदकाचं ताट पाण्याखाली धरण्याआधी कागदाने पुसून घ्यावं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे एकदा नीट सांगायला हवं आणि सिंकशेजारी जुने कागद ठेवायला हवेत. कागद समोर नसेल तर कुणी पुसणार नाही, आपणही नाही.

पिठांकडे दुर्लक्ष होतं. कणकेची परात धुतल्याचं पाणी पातळ दिसतं, पण त्यातला चिकट भाग ट्रॅपमध्ये गोळा होतो. परात सुकू द्यावी, पापुद्रे खरवडून कचऱ्यात टाकावेत, मग धुवावी. भाताची पेज गार झाली की खळ होते. ती प्यावी किंवा विरळ करून झाडांना घालावी. चहाचा चोथा थोडा-थोडा जातो म्हणून कुणी हिशेबात धरत नाही, पण दिवसातून चार वेळा चहा होणाऱ्या घरात वाटीत सगळ्यात जास्त तोच निघतो. त्याला कुंडी बरी.

काही गोष्टी मात्र एकदाच ओतल्या तरी पुरतात. घरात टाइल्सचं काम चालू असेल तर कामगार पांढऱ्या सिमेंटची थापी आणि घमेलं सिंकमध्ये धुतात. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. ट्रॅपमध्ये ते दगड होऊन बसलं की तेवढा पाइप कापून बदलणं हाच इलाज. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचंही तेच. घरी गणपती विसर्जन करणाऱ्यांनी तर विशेष लक्षात ठेवावं. शाडूची माती बादलीत विरघळली की ती बागेत किंवा कुंड्यांत जाऊ द्यावी. प्लॅस्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. तिच्यात वरचं पाणी खत म्हणून झाडांना चालतं आणि तळाशी खडूसारखा साका उरतो. तो साका सिंकमध्ये ओतला तर विसर्जन झालं असं वाटेल, पण मूर्ती ट्रॅपमध्ये पुन्हा बसलेली असेल.

आता बाजारात मिळणाऱ्या पावडरी. बहुतेकींत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि काहींत त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे. पाणी लागलं की जोरात उष्णता निघते, ॲल्युमिनियममुळे हायड्रोजन वायूचे बुडबुडे येतात, आणि तेलाचा साबण बनून थर सुटतो. पाणी हळूहळू का होईना पुढे सरकत असेल तर हे काम देतं. पाणी पूर्ण उभं असेल तर पावडर वाटीच्या तळाशी बसते, तिथेच तापते, प्लॅस्टिक वाकवते आणि कधी तिचाच कडक गड्डा होतो. मग ट्रॅप उघडावा तर आत नुसतं पाणी नसतं, डोळा जाईल असं क्षारयुक्त द्रावण असतं. म्हणून क्रम हा ठेवावा: आधी ट्रॅप, मग रबरी पंप, मग स्प्रिंग. पंप मारताना दुसऱ्या सिंकचं भोक आणि बाजूचं ओव्हरफ्लोचं छिद्र ओल्या फडक्याने दाबून धरावं, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो.

संडास धुवायचं ॲसिड सिंकमध्ये कधीच ओतू नये. त्याने तेलाचं काही वाकडं होत नाही, पण स्टीलच्या सिंकवर खड्डे पडतात. त्याच पाइपात ब्लीच आधी गेलं असेल तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात श्वास कोंडतो. कॉस्टिक पावडरीवर ॲसिड ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. घरात कुणी आधी काय ओतलंय हे नेहमी आपल्याला ठाऊक असतंच असं नाही. प्लंबर आला आणि पावडर टाकलेली असेल, तर त्याने ट्रॅपला हात लावण्याआधी हे सांगायला विसरू नका. तो सहसा मोजे घालत नाही.